येणारे आणि जाणारे

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय अवधूत,

चार महिने तुला पत्र नाही आणि तुझे दोन फोनही मी उचलले नाहीत. त्याची कारणे देत बसत नाही. प्रकृती ठीक आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. लिहायला बसलो ते यासाठी की दिवाळीच्या सुट्टीत रंकाळ्याच्या कठड्यावर आपले जे भांडण झाले त्यात तू बरोबर होतास, आणि हे कबूल करायला मला दुसरे माणूस नाही.

तुझा तो जखमांचा खेळ आठवतो ना? त्या दिवशी तू दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडलेस आणि वरच्या तुकड्याचे टोक पुढे घुसवून ब्रेकियल धमनी दाबलीस. मी ऐटीत सांगितले की प्रोफंडा ब्रेकाय आणि दोन अल्नर कोलॅटरल तिच्यातून वरच फुटतात, कोपराभोवती खालून येणाऱ्या रिकरंट शाखांना मिळतात, म्हणून नाडी गेली तरी हात बहुधा जगतो. तू म्हणालास, "येणारे सांगितलेस, जाणारे कोण सांगणार?" मी म्हणालो, व्हायव्हात शिरा कोणी विचारत नाही. तू माझा भडंगाचा पुडा उचलून चालता झालास. (तो पुडा अजून येणे आहे.)

मंगळवारी संध्याकाळी दादाचा सोहम गेटवरून हातावर पडला. आजोबांनी त्याला त्यांच्या तालमीच्या ओळखीतल्या हाडवैद्याकडे नेले आणि त्याने कोपर पुरते दुमडून, बांबूच्या कामट्या लावून, साडेसहाला पट्टी आवळली. आठला मी घरी आलो. रेडियल नाडी लागत होती, नख दाबून सोडले की लाली लगेच परतत होती, म्हणून घरातला डॉक्टर या नात्याने मी निर्वाळा दिला, की रक्त पोहोचते आहे, सकाळी फोटो काढू. हा निर्वाळा मला अजून झोपू देत नाही.

रात्री दोनपर्यंत पोर रडत होते, औषधाने दुखणे हलेना. तळहाताची मागची बाजू फुगली होती आणि बोटे अर्धवट मिटलेली होती. मी मधले बोट हलकेच सरळ केले तर तो किंचाळला, आणि दुखते कुठे विचारल्यावर त्याने कोपर नव्हे, कोपराखालचा हात दाखवला. तुझे "जाणारे" त्या क्षणी कानात वाजले.

वहिनीच्या शिवणाच्या कात्रीने मी पट्टी कापली आणि कोपर थोडे सैल सोडले. रिक्षात बसल्यावर सगळे उलगडत गेले. त्या वयात धमनीतला वरचा दाब 100 च्या आसपास असतो, शिरांतला 10 च्याही खाली. सूज धरलेला हात पट्टीत आवळला, की आधी शिरा चपट्या होतात, विशेषतः धमनीला चिकटून स्नायूंच्या आवरणाआतून जाणाऱ्या खोल शिरा. रक्त येत राहते, जात नाही. द्रव झिरपतो, आतला दाब चढतो आणि तो 30–40 वर गेला की केशवाहिन्या मिटू लागतात. धमनी मात्र उडतच असते, पुढे तळहाताच्या कमानी भरत असते, म्हणून नख गुलाबी दिसते. नाडीने मला नळ वाहतो आहे एवढेच सांगितले होते, वाटेतला मळा भिजतो आहे की नाही हे ती सांगतच नव्हती.

पहाटे तारा घालून हाड बसवले. सर्जन दर तासाला हात चाचपून बोटे सरळ करून पाहत होते; आवरण कापावे लागले नाही. पण दाब नेमका कधी चढला कोणास ठाऊक, आणि रक्ताविना स्नायू सहाएक तासच तग धरतो.

आता खरी चिंता सांगतो. सोहमला अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांची गोल कडी करता येत नाही. या मोडीत अँटेरियर इंटरऑसियस नर्व्ह दुखावण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तसे असेल तर ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा परतते. परंतु ती ज्या फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस आणि डिजिटोरम प्रोफंडसला चालवते, तेच दोघे हाडाला लागून सर्वांत खोल असतात आणि रक्त तुंबले की आधी तेच मरतात. म्हणजे नर्व्ह गेली काय किंवा स्नायू गेला काय, कडी दोन्हींत होत नाही! फरक आपण बोटे सरळ करताना कळतो: नर्व्ह रुसली असेल तर ती मोकळी उघडतात, स्नायू आखडला असेल तर मनगट खाली वाकवल्याशिवाय उघडत नाहीत. मनगट सध्या स्लॅबमध्ये सरळ आहे, त्यामुळे पूर्ण परीक्षा महिनाभराने स्लॅब निघाल्यावर होईल.

तुझ्या ताईच्या लग्नाचे कळले, मी येतो आहे. मिरजेतली तुझी नवी खोली कशी आहे, मेस बदललीस का, तेही लिही. माझी व्हायव्हा सोमवारी आठ दिवसांनी.

आज संध्याकाळी पाचही बोटे एकेक करून मी सरळ केली. सगळी शेवटपर्यंत उघडली. सोहम दुसऱ्या हाताने कार्टून बदलत होता.

तुझा,
विनू