आजीच्या गोळ्यांचा हिशोब

४ जुलै २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा एकादशीला रात्री उशिराच्या गाडीने आम्ही नागपूरला निघतो. ताईच्या बाळंतपणाला आई आणि थोरल्याला शाळेत ने-आण करायला मी, अशी वाटणी झाली आहे. १० ऑगस्टला परत येऊ. तोपर्यंत आजी तुझ्या ताब्यात. स्वयंपाकाला मावशी आहेत, तेव्हा तुझं खरं काम तिच्या गोळ्यांचं. फोनवर सांगितलं तर तू "हो हो" म्हणशील, म्हणून लिहून ठेवतो.

दिवस थायरॉइडच्या गोळीने सुरू होतो. ५० मायक्रोग्रॅमची एक, उठल्याबरोबर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास चहा मागितला तरी द्यायचा नाही. मागेलच. नाश्त्याच्या आधी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमची अर्धी. नाश्ता झाला की बीपीची टेल्मिसार्टन ४० आणि शुगरची मेटफॉर्मिन ५०० एसआर, एकेक. दुपारी जेवल्यावर कॅल्शियम. ती आठवण आली म्हणून सकाळीच उरकू नकोस, कारण कॅल्शियम जवळपास पोटात गेलं तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दोन्हींत चार तास हवेत. रात्री जेवणानंतर पुन्हा एक मेटफॉर्मिन. ती एसआर आहे, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी, तेव्हा मोठी वाटली तरी मोडून द्यायची नाही.

आता शिल्लक. ६ तारखेच्या रात्री मोजून हेच आकडे तुझ्या हवाली करीन. मेटफॉर्मिनची तीन अख्खी पाकिटं आणि वर चार, म्हणजे ३४ गोळ्या. ग्लिमेपिराइडच्या पाकिटात सहा आणि डबीत अर्धी. वरवर बघशील तर मेटफॉर्मिन ढीगभर आणि ग्लिमेपिराइड उद्या संपेल असं वाटेल. पण मेटफॉर्मिन रोज दोन जातात, म्हणजे १७ दिवस, २३ जुलैपर्यंत. आणि साडेसहा गोळ्या रोज अर्धीप्रमाणे तब्बल १३ दिवस, १९ जुलैपर्यंत पुरतात. टेल्मिसार्टन १५ चं पाकीट असतं. एक अख्खं आणि एकात चार, १९ गोळ्या, २५ जुलै. कॅल्शियमच्या ३० आहेत, ५ ऑगस्ट. थायरॉइडच्या डबीत ४१, त्या १६ ऑगस्टपर्यंत जातात. या तारखा मी स्केचपेनने पाकिटांवरच लिहिल्या आहेत, कारण वहीतलं कोण बघतो.

पहिली संपणारी १९ ला, म्हणून मेडिकलमध्ये सोमवारी १४ ला जायचं. पाच दिवस हातात ठेवायचे, कारण एखादी गोळी नसली की "उद्या येईल" म्हणतात आणि तो उद्या कधीकधी रविवार निघतो. जाताना चिठ्ठी आणि जुनी रिकामी पाकिटं दोन्ही ने. आणि "एक महिन्याची द्या" म्हणू नकोस. तसं म्हटलं की प्रत्येक गोळी पुन्हा वेगळ्या तारखेला संपते आणि महिन्यात चार खेपा पडतात. सगळ्या १६ ऑगस्टला, थायरॉइडच्या डबीबरोबर संपतील अशा आण. टेल्मिसार्टन २६ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत २२ दिवस, म्हणून एक पाकीट आणि सात कापून. मेटफॉर्मिन २४ दिवसांच्या ४८ लागतात, पाच पाकिटं घे, दोन उरू देत. कॅल्शियम ११.

ग्लिमेपिराइड जरा वेगळी. आजीचा एकादशीचा उपास असतो, शिवाय २५ जुलैला श्रावण लागला की सोमवार. डॉक्टरांना विचारून ठरवलं आहे की उपासाच्या दिवशी ही अर्धी गोळी द्यायची नाही, बाकीच्या चालू. तू स्वतः यात काही कमी-जास्त करू नकोस. २१ जुलै आणि ५ ऑगस्टची एकादशी, २८ जुलै, ४ आणि ११ ऑगस्टचे सोमवार, असे पाच दिवस वजा केले की २८ चे २३ उरतात. साडेअकरा गोळ्या, म्हणजे बारा आण. गोळी दिली आणि आजीने नाश्ता ढकलून दिला, तर मात्र शेजारी बसून खायला लाव. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात बावचळणं दिसलं तर मशिनवर शुगर बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास आणि डॉक्टरांना फोन. एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, या गोळीने ती पुन्हा खाली जाते.

गोळ्या घेताना नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. मार्चमध्ये मला दुकानातून टेल्मिसार्टनऐवजी "एच" लागलेली दिली. रंग तसाच, ४० चा आकडाही तोच. त्या एचमध्ये लघवीची गोळी मिसळलेली असते. दहा-बारा दिवसांत आजी सुस्त झाली, पाय ओढायला लागली. मला वाटलं वय. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सोडियम घसरून १२६. जुनं पाकीट टाकलं नव्हतं म्हणून शेजारी ठेवून बघितलं तेव्हा उमगलं. बँकेत पस्तीस वर्षं सह्या जुळवल्या आणि एक अक्षर सुटलं. कापून घेतलेल्या तुकड्यावर मुदत संपण्याची तारीख नसेल तर दुकानदाराकडून लिहून घे. आणि घरी गोळ्या तारीख नसलेल्या टोकाकडून काढत जा, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते.

आठवड्याच्या कप्प्यांचा डबा ताईने पाठवला होता, तो माळ्यावर आहे. पावसाळ्यात गोळ्या पाकिटातच बऱ्या. ग्लिमेपिराइडसुद्धा एका वेळी एकच मोड, उरलेली अर्धी डबीत.

दर रविवारी रात्री मोजायचं. शिल्लक एकाने जास्त आली तर कुठेतरी चुकली, कमी आली तर दोनदा दिली गेली. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. पण या मोजणीला एक भोक आहे. गेल्या दिवाळीत पाकिटाचा हिशोब चोख होता आणि उशीचा अभ्रा बदलताना आत मेटफॉर्मिनच्या सात गोळ्या सापडल्या. दोन ओल्या होऊन फुगलेल्या. "पोट बिघडतं रे त्याने," म्हणाली. सांगितलं असतं तर डॉक्टरांना विचारलं असतं, पण तिला तुझ्या आईला त्रास द्यायचा नव्हता म्हणे. तेव्हा रात्रीची गोळी हातात देऊन निघून येऊ नकोस. पाणी पिऊन होईपर्यंत काहीतरी बोलत बस. तिला तुझ्या ऑफिसातल्या भांडणांत फार रस आहे.

१३ ला रात्री नऊला फोन करीन. टेल्मिसार्टन १२, मेटफॉर्मिन २०, ग्लिमेपिराइड ३ असायला हवीत. जमत नसेल तर जमवून सांगू नकोस, आहे ते सांग.

तुझे बाबा