भोपळा इंग्रजीत निघाला आहे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, गुडघा आपल्या जागी दुखतो आहे, कापसाची वेचणी चालू आहे आणि भाव तुला वर्तमानपत्रातून कळतोच. पत्राचे कारण वेगळे आहे. तुझ्या आजीची भोपळ्यातली म्हातारी मी इंग्रजीत उतरवली आहे, आणि आता ती अशा ठिकाणी येऊन अडली आहे की तिथे तुझ्याखेरीज कोणाचा उपयोग नाही.

लहान मुलांची चित्रपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनाने ही गोष्ट इंग्रजीत मागितली. मला वाटले, गोष्ट तोंडपाठ आहे, तेव्हा बसल्या बैठकीला होईल. पण आजी सांगत होती ती गोष्ट आपण कानांनी ऐकली होती, आणि चित्रपुस्तक ही पाने मोजून रचायची वस्तू निघाली. अशी पुस्तके बहुधा बत्तीस पानांची असतात, कारण छापील कागद सोळा-सोळा पानांच्या घड्यांत दुमडला जातो. त्यांतली सुरुवातीची तीन पाने नाव-गाव आणि अर्पणपत्रिकेत जातात. मग समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या उरतात आणि शेवटी एक सुटे पान. मी आठ कोरे कागद मधोमध दुमडून, एकात एक घालून वही केली आणि तिच्यावर पेन्सिलीने गोष्ट मांडली. म्हातारी घरून निघते ती पहिली जोडी. जाताना कोल्हा, अस्वल आणि वाघ यांना प्रत्येकी दोन जोड्या. लेकीच्या घरी दोन. परतीला वाघ आणि अस्वल यांना एकेक, कोल्ह्याला पुन्हा दोन, आणि घर गाठण्याची शेवटची. सिंहाला मी गाळला. पुस्तकी सांगण्यात तो असतो, पण टिपेश्वरच्या इतक्या जवळ राहून वाघ असताना सिंह कशाला आणायचा? तुझी आजीही कधी आणत नसे.

दोन जोड्या का, हे सांगतो, कारण सगळी मजा तिथेच आहे. ‘म्हातारे, म्हातारे, मी तुला खातो’ हे वाक्य उजव्या पानाच्या तळाशी यायला हवे आणि म्हातारीचे उत्तर पान उलटल्यावर. आजी याच जागी सुपारी कातरायला थांबत असे आणि आपण ‘मग? मग?’ करत असू. पुस्तकात तो थांबा पान उलटणारा हात देतो. परतीला मात्र वाघ आणि अस्वल एकेका जोडीत आटोपतात, म्हणजे भोपळ्याला वेग येतो, आणि कोल्ह्यापाशी पुन्हा दोन जोड्या लागल्या की मुलांना आपोआप कळते की इथे काहीतरी बिनसणार आहे. कोल्हा जाताना पहिला भेटतो म्हणून येताना शेवटचा, आणि तोच सर्वांत धूर्त. आजीने हा हिशेब कुठे शिकला होता कोण जाणे!

आता पालुपदाकडे येतो. तिथेच माझा अर्धा उन्हाळा गेला. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा’ यातला ठेका क्रियापदांचा आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून जाईन, खाईन, होईन हे यमक आपल्याला फुकट मिळते. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जाते आणि शेवटी लेक, तूप असले काहीतरी उरते. मी आधी शब्दाला शब्द ठेवून लिहिले, तेव्हा अर्थ सगळा आला आणि मोठ्याने वाचले तर बाजारहाटाच्या यादीसारखे वाटले. शेवटी ध्यानात आले की शेपटाकडचा ठेका तोंडाकडे न्यायचा, म्हणजे तिन्ही ओळींचा आरंभ एकच ठेवायचा. आता ते असे आहे: ‘लेट मी गो टु माय डॉटर, लेट मी ईट ऑल हर घी, लेट मी ग्रो राउंड अँड रोली, अँड देन यू कॅन ईट मी.’ प्रत्येक ओळीत दोनच आघात आहेत, आणि घी व मी यांचे यमक जुळले ते देवाने दिले. तूप तूपच राहिले, त्याचे लोणी करावे लागले नाही. ‘राउंड अँड रोली’ऐवजी ‘भोपळ्यासारखी गोल’ म्हणावे असे आमच्या सूनबाईने सुचवले. कल्पना गोड होती, पण मी ती घेतली नाही. भोपळ्याची युक्ती पुढे लेकीला सुचते, म्हातारी जंगलातच भोपळ्याचे नाव घेऊ लागली तर लेकीला करायला काय राहिले?

दुसरे पालुपद सोपे गेले. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणताना टाळी चार वेळा पडते. माझ्या पहिल्या इंग्रजी ओळीत ती पाच वेळा पडत होती, आणि पाचव्या टाळीला भोपळा खड्ड्यात अडकल्यासारखा वाटे. आता ‘रोल अलाँग, पम्पकिन, टुणुक टुणुक’ असे आहे. रोल, पम्प, टु, टु, बरोबर चार. टुणूकला इंग्रजी शब्द शोधायचा नाही, हे मी प्रकाशनाला पहिल्याच पत्रात कळवले होते. त्यांनी मानले, पण शेवटी शब्दार्थ द्या म्हणाले. मी म्हटले, ज्या पोराला टुणूक कळत नाही त्याला चित्रातला भोपळा दाखवा.

चित्राचेही एक रामायण झाले. चित्रकाराने पहिल्यांदा काढलेला भोपळा भडक नारिंगी, वर वाकडा देठ, साहेबाच्या भुतांच्या सणाला कोरून दिवा लावतात तसला. त्यातून म्हातारीचा आवाज आला की परदेशातली मुले भुताची वाट पाहणार. मी आपल्या परसातल्या कोहळ्याचे फोटो पाठवले: चपटे, खोल फाकांचे, हिरवट-मातकट, अंगावर पांढुरकी धूळ. आता चित्र बरोबर आहे. चित्राने माझे कामही हलके केले. म्हातारी वाळलेली आहे, हातात काठी आहे, लुगड्याला ठिगळ आहे, हे चित्रात दिसत असेल तर मजकुरात लिहायचे नाही, हा या पुस्तकांचा नियम. त्या कात्रीने नऊशेच्या आसपास असलेले शब्द सहाशेच्या आत आले. पालुपदाच्या एकाही आवृत्तीला मी कात्री लावली नाही. ‘पुढल्या वेळी थोडक्यात म्हटले तर?’ असे संपादकबाईंनी विचारले होते. पण तिसऱ्या खेपेला पोरे वाचणाऱ्याच्या आधी ओळ म्हणतात, आणि शब्द बदलले की ती गप्प होतात. आपल्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गात मी दोन्ही वाचून पाहिले. थोडक्यातल्या वाचनाला सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. पूर्ण ओळीच्या वाचनाला अस्वलापासूनच ‘लेट मी’ सुरू झाले आणि वाघापाशी गुरुजींना हात वर करावा लागला. इंग्रजी त्यांना किती कळले ते विचारू नकोस.

इथवर सगळे बरे होते. आता मूळ दुखणे. संपादकबाईंचे पत्र आले आहे की म्हातारी वाघाला खोटे वचन देते, हे लहान मुलांच्या पुस्तकात बरे दिसत नाही. त्यांच्या दोन सूचना आहेत. पहिली, शेवटी म्हातारीने वाघ, अस्वल आणि कोल्हा यांना घरी बोलावून तूप-रोटी वाढावी. दुसरी, ते नको असेल तर बत्तिसाव्या पानावर ‘शक्तीपेक्षा युक्ती मोठी’ अशा अर्थाचे एक वाक्य घालावे.

हसलास ना? मला माहीत होते. चिंचेखाली तू नेमके हेच म्हणाला होतास की म्हातारी खोटारडी आहे, आणि मी तुझ्याशी कट्टी केली होती. तेव्हा आजी म्हणाली होती, “वाघापाशी खरं बोलून पाह्य, मंग मले सांग.” वकिली तू तेव्हापासूनच करतोस आणि हरतोसही तेव्हापासूनच.

पण थट्टा बाजूला ठेव. वाघाला जेवायला बोलावले तर गोष्टच उरत नाही. म्हातारीचे बळ संपलेले आहे, हातात फक्त काठी आहे, आणि समोरच्याशी बरोबरीने बोलणी होऊच शकत नाहीत. अशा वेळी ती वेळ मागून घेते, हे तात्पर्य आहे. ते सहा वेळा म्हटले जाते: जाताना तिघांना दिलेल्या वायद्यात आणि येताना तिघांना दिलेल्या ‘कुठची म्हातारी न् कुठची कोतारी’ या उत्तरात. जे पालुपदात सहा वेळा आले ते शेवटी सातव्यांदा उपदेश म्हणून सांगितले, तर मुलांना वाटेल की आधीची सहा वेळची गंमत त्यासाठीच होती. शेवटी कोल्हा भोपळा फोडतो तोवर गोठाण आलेले असते आणि गावची कुत्री धावून येतात, हा आजीचा शेवट मला पुरेसा आहे. म्हातारी युक्तीने गावापर्यंत आली, पुढचे गावाने केले. हे मी संपादकबाईंना लिहिणारच आहे.

खरी अडचण मात्र माझ्या इंग्रजी ओळीत दडली आहे, आणि ती त्यांना अजून दिसलेली नाही. आजीची म्हातारी ‘मग मला खा’ म्हणते, म्हणजे सरळ वायदा करते. माझी म्हातारी ‘देन यू कॅन ईट मी’ म्हणते, म्हणजे खाता आले तर खा. तिने काहीच कबूल केलेले नाही! ती परत आली, लठ्ठ होऊन आली, त्याच वाटेने आली. खाता आले नाही हा वाघाचा प्रश्न. संपादकबाईंना मी हे दाखवले तर खोट्या वचनाचा आक्षेपच गळून पडेल आणि पुस्तक उद्या छापखान्यात जाईल. पण मग आजीची म्हातारी आणि माझी म्हातारी एकच राहिली का? आजीची बेधडक थाप मारते, माझी शब्दांच्या फटीतून निसटते. एक आपल्या गावची आहे आणि दुसरी, रागावू नकोस, तुझ्या कोर्टातली वाटते. ‘कॅन’ काढून ‘शॅल’ घातले तर वायदा पक्का होतो, ठेकाही मोडत नाही, पण भांडण पुन्हा उभे राहते. माझा कल ‘शॅल’कडे आहे.

कच्ची वही सोबत पाठवतो आहे. आधी चाळू नकोस. नातवाला मांडीवर घे आणि थेट मोठ्याने वाच, कारण न पाहता वाचणाऱ्याची जीभ जिथे अडखळते तिथेच ओळ बिघडलेली असते. तिथे पेन्सिलीने खूण कर. वाघाच्या पानावर दोन्ही शब्द लिहिले आहेत, त्यांतला एक खोडून वही परत पाठव. कारणे लिहिलीस तरी चालेल, पण लेखी युक्तिवादाइतकी लांब नकोत.

वहिनींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाल्याचे कळले, बरे वाटले. धाकट्याच्या बदलीचे काय झाले? अमरावतीला येणे जमेलसे दिसत नाही, तूर निघाल्यावर पाहू.

तुझा,
नारायण