पन्नास सेकंदांचे मनोगत

चाकण

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुरस्काराच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण तुम्ही पाहिलेत, पण टाळ्यांमुळे माझे बोलणे नीट ऐकू आले नाही, आणि बाबांनी फोनवर विचारले की आमचा उल्लेख अगदी शेवटी, दोनच वाक्यांत का केलास. त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. बोलले ते असे :

“नमस्कार. प्रेसवरचा डाय बदलायला पूर्वी आमचा अर्ध्या तासाहून अधिक वेळ जात असे. आज तेच काम दहा मिनिटांच्या आत होते. हा बदल तिन्ही पाळ्यांतील सेटर, क्रेनचालक आणि टूलरूममधील सहकाऱ्यांनी घडवला. प्रेस थांबण्याआधीच पुढचा डाय ट्रॉलीवर तयार ठेवायचा, ही कल्पना रात्रपाळीतून आली. आमच्या निवृत्त फोरमन साहेबांनी मी रुजू झाले तेव्हा माझ्या हातात स्टॉपवॉच देऊन मला प्रेसशेजारी उभे केले आणि सांगितले, ‘आधी बघ, मग बोल.’ साहेब, मी अजूनही आधी बघते. माझ्या पाळ्यांच्या काळात माझ्या पतींनी आणि आई-बाबांनी माझ्या मुलीला सांभाळले. आई, बाबा, हा पुरस्कार तुमच्याकडे घेऊन येते आहे. धन्यवाद.”

आयोजकांनी प्रत्येकाला एकच मिनिट दिले होते. व्यासपीठावर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, आणि स्मृतिचिन्ह हातात घेऊन माइकपाशी स्थिरावण्यात व मधल्या टाळ्यांत काही सेकंद जातातच; त्यामुळे मजकूर नव्वद शब्दांच्या आत ठेवला. मनात वाचताना तो अर्ध्या मिनिटात संपतो आणि फसवतो, म्हणून तो मोठ्याने, घड्याळ लावूनच वाचून पाहावा लागतो. पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘आदरणीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर’ अशी होती. केवळ पदे आणि नावे घेण्यातच पाव मिनिट जात होते आणि पुरस्कार कशासाठी मिळाला हे सभागृहाला तोवर कळत नव्हते. ती ओळ काढून तेथे कामच सांगितले.

सहकाऱ्यांची नावे घ्यावीत, असे मनापासून वाटत होते. परंतु तिन्ही पाळ्या धरून ती मंडळी बरीच आहेत. सगळी नावे वाचली असती तर कोणाचेच लक्षात राहिले नसते आणि चार घेतली असती तर पाचव्याला लागले असते. म्हणून कामांची नावे घेतली आणि एक गोष्ट ठळक सांगितली. पूर्वी प्रेस बंद करून मग क्रेनची वाट पाहत डाय, बोल्ट आणि पाने जमवले जात. ही जमवाजमव प्रेस चालू असतानाच उरकता येते, हे रात्रपाळीच्या लोकांनी दाखवून दिले. ते वाक्य आले तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या आल्या, आणि मी पूर्ण थांबले, कारण टाळ्यांवर बोलत राहिले की पुढचे वाक्य वाया जाते.

साहेबांविषयी ‘अमूल्य मार्गदर्शन’ वगैरे लिहिले होते, तेही खोडले. तसे कोणाविषयीही म्हणता येते. स्टॉपवॉच मात्र फक्त त्यांनीच दिले होते. ते समोरच बसले होते, म्हणून ‘साहेब’ म्हणताना कागदावरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिले.

आता बाबांच्या प्रश्नाविषयी. तुमचे नाव घेताना माझा आवाज भरून येणार, हे मला ठाऊक होते. ते सुरुवातीलाच घेतले असते तर सहकाऱ्यांची वाक्ये नीट उच्चारता आली नसती, आणि तो अन्याय झाला असता. म्हणून तुम्हाला शेवटी ठेवले आणि ती वाक्ये लहान ठेवली, म्हणजे गळा दाटला तरी ती एका श्वासात पूर्ण व्हावीत. तसेच झाले, ‘आई’ म्हटल्यावर मला क्षणभर थांबावे लागले, पण वाक्य तुटले नाही.

त्या दोन वाक्यांत जे बसले नाही ते असे. आई, तू गावचे घर बंद करून चाकणच्या दोन खोल्यांत राहायला आलीस आणि मी रात्रपाळीहून परतले की मुलीला घेऊन बाहेर जात असायचीस, म्हणजे मला दुपारपर्यंत झोप मिळावी. बाबा, तुम्ही तिला शाळेत सोडून येताना रोज कंपनीच्या बसथांब्यापर्यंत माझी छत्री आणि डबा पोहोचवत होतात. यासाठी मी तुमची ऋणी आहे. स्मृतिचिन्ह घेऊन आम्ही तिघे दिवाळीत येत आहोत.

तुमची लेक