निळी पिशवी

सातारा,
18 जानेवारी

प्रिय मंजू,

फुग्यांच्या भांडणाला आता पावणेदोन वर्षं झाली. तू अजून रागावलेली असशील तर हे पत्र फाड, पण आधी वाच. आम्ही बरे आहोत, सासूबाईंचा गुडघा तसाच, यांचं बीपी गोळीने ताब्यात. खरी गोष्ट तनूची आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून समजणार नाही, कारण निळी पिशवी तुझी.

दिवाळीनंतर शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, "अक्षर बिघडले आहे. गणितात लक्ष नाही. तासाला पेंगते." मला वाटलं चौथीचा अभ्यास जड जातोय. गणित तिला आधीपासूनच कठीण. पाठांतर तोंडपाठ, गप्पा तर तुझ्यासारख्या, पण उभी वजाबाकी मांडायला सांगितली की आकडे घरंगळतात. जन्मतः पाठीचा कणा उघडा राहून डोक्यात पाणी साठलेल्या तनूसारख्या मुलांचं असं होतं हे मला माहीत आहे, म्हणूनच मी फसले. नेहमीच कच्चं असलेलं गणित आणि दोन आठवड्यांत कच्चं झालेलं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सुचलं नाही.

मग वॉकर. तिचा मागून ओढायचा वॉकर तुला आठवतो ना, ज्याच्यावर तू रिक्षाचा भोंगा बांधला होतास? पायात कॅलिपर, हातात वॉकर असं ती घरात आणि वर्गात छान चालते, लांब जायचं तर व्हीलचेअर. नोव्हेंबरात ती उंबऱ्याला अडखळायला लागली. मी कॅलिपरला दोष दिला. उंची वाढली, घोट्यापाशी लाल वळ उठतोय, अर्ध्या तासात जात नाही, म्हणजे माप बदललं. (पायाला संवेदना नाही, म्हणून बूट काढला की रोज डोळ्यांनीच बघावं लागतं. ती कधी "दुखतंय" म्हणणार नाही.) कारागिराकडे जाऊन कड घासून आणली. वळ गेला, अडखळणं गेलं नाही. त्याच दिवसांत, नळी घालून लघवी काढायच्या दोन वेळांच्या मधेच चड्डी ओली व्हायला लागली. वेळा चुकत असतील म्हणून मी घड्याळाला गजर लावला.

बघ, तिन्ही गोष्टींना माझ्याकडे उत्तर तयार होतं. वेगवेगळं.

मग सकाळचं डोकं. उठल्या उठल्या दुखायचं, एक उलटी झाली की तासाभरात बरं. ताप नाही, जुलाब नाहीत. मी पित्त म्हणून आमसुलाचं सार दिलं. इथल्या डॉक्टरांनीही पोट बिघडलंय म्हणून औषध लिहिलं. त्यात तिला चार दिवस शौच नव्हती. पोट तुंबलं की आतला दाब वाढतो आणि डोक्यातलं पाणी शंटच्या नळीतून पोटात नीट उतरत नाही, हे आम्हाला पहिल्या ऑपरेशनपासून माहीत होतं. म्हणून एनिमा दिला, पोट साफ झालं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती मान धरून उठली.

आता तुला राग येईल असं सांगते. सोमवारीच माझ्या मनात शंट आला होता. पण तुझं वाक्य कानात होतं, "तुला प्रत्येक गोष्टीत आजारच दिसतो." फुगे बाहेर काढले तेव्हा तू ते बोललीस. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी पटकन होते, तिच्या ऑपरेशनच्या वेळी हातमोजेही वेगळे वापरतात, हे मी वाढदिवसाआधी तुला सांगायला हवं होतं. ते न सांगता सगळ्यांसमोर फुगे उचलून गॅलरीत फेकले, ही माझी चूक. तुझी चूक वाक्याची. आणि त्या वाक्याला खोटं पाडायचं म्हणून मी तीन दिवस थांबले, हा मूर्खपणा सर्वस्वी माझा.

यांनी तर कानामागचा शंटच्या झडपेचा उंचवटा दाबून बघितला, दारावरची बेल वाजवल्यासारखा. तो परत फुगून वर आला, म्हणून म्हणे "चालू आहे." नंतर सर्जन म्हणाले, त्या दाबण्यावर घरी काही ठरवू नका, तो वर आला तरी खाली नळी तुटलेली असू शकते.

गुरुवारी ती दुपारी उठवून उठेना. हाक मारली की डोळे उघडायचे आणि मिटायचे. तेव्हा गाडी काढली. पाणीसुद्धा दिलं नाही, ऑपरेशन करायचं झालं तर पोट रिकामं हवं. पुण्याला सीटी झाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं, "मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फार मोठ्या नाहीत, ठीक वाटतंय." मंजू, माझ्या जिवात जीव आला, खरंच. तेवढ्यात मोठे सर्जन आले आणि त्यांनी एकच विचारलं, "आधीचा सीटी आहे?"

तर ती निळी पिशवी. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या ऑपरेशनच्या रात्री तू वॉर्डाबाहेर बसून प्रत्येक फिल्मवर तारीख लिहिलीस आणि मला दम दिलास, "घर जळलं तरी आधी ही पिशवी काढायची." तेव्हा मी चिडले होते. तिच्यातून सर्जनांनी दोन वर्षांपूर्वीचा, ती ठणठणीत असतानाचा सीटी काढला आणि दोन्ही शेजारी धरले. मलाही फरक दिसला. पोकळ्या तशा मोठ्या नव्हत्या, पण तिच्या नेहमीच्या मापापेक्षा मोठ्या होत्या. म्हणाले, कोणाकोणाच्या तर अजिबात फुगत नाहीत आणि शंट बंद असतो, म्हणून आईचं म्हणणं आणि जुनी फिल्म दोन्ही लागतात.

मग डोक्यापासून पोटापर्यंत एक्स-रे. गळ्याच्या हाडाच्या वर नळी सरळ तुटलेली, मधे दोन बोटांची फट. वर्षानुवर्षांत नळीवर चुना बसतो, ती मानेत चिकटते, मूल उंच होतं आणि एक दिवस ती तुटते. पण नळीभोवती शरीराने तंतूंचा बोगदा केलेला असतो, काही दिवस पाणी त्यातूनच झिरपत राहतं. म्हणून सगळं एकदम न होता हळूहळू झालं. अक्षर, पाय, लघवी, मान, डोकं. रात्री आडवं झाल्यावर दाब वाढतो, म्हणून दुखणं पहाटेचं.

त्याच रात्री नळी बदलली. ऑपरेशन चालू असताना यांनी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की शंटची झडप 1956 मध्ये अमेरिकेत होल्टर नावाच्या कारागिराने बनवली, त्याच्या स्वतःच्या मुलाला हेच होतं. स्वतः लेथवर आयुष्य काढलेल्या यांना हे सांगताना रडू आलं. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिने इडली मागितली. आठवड्यात चालणं पूर्ववत, ओलं होणं थांबलं. अक्षर अजून तुझ्यासारखंच वाईट आहे. आता काही महिने ताप आला किंवा नळीच्या वाटेवर लाली दिसली तर तडक पुणं, कारण जंतुसंसर्ग बहुतेक ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो.

शाळेशी एक लढाई झाली. चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि शिपाई तिला उचलून नेणार म्हणे. नऊ वर्षांच्या मुलीला! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन गेले, पण खरं काम केलं बाईंनी. त्यांनीच पहिलीच्या वर्गाशी खोली बदलली. दुपारी साडेबाराला मी लघवीच्या नळीसाठी जाते, आणि आरसा धरून ती स्वतः घालायला शिकतेय. पेपरला जास्त वेळ मिळतो. बाईंच्या टेबलाच्या काचेखाली मी कागद ठेवलाय: डोकं दुखून उलटी, पेंगणं, नवं तिरळेपण, अचानक पडणं, अक्षर बिघडणं, यांतलं काही दिसलं तर बाकावर झोपवू नका, मला फोन करा. तिच्या बाबतीत "कंटाळली असेल" हे शेवटी म्हणायचं.

तुझं नाशिकचं घर झालं, सुमीकडून कळलं. मुलगा दहावीला ना? बदलीचं काय? सविस्तर लिही, मी फक्त माझंच लिहिलंय.

दोन्ही सीटी पेनड्राइव्हवर घेतलेत. एक माझ्या पर्समध्ये, एक शाळेत. तिसरा तुझ्याकडे ठेवायचाय, पत्ता पाठव. पिशवीची चेन तुटलीय, ती मात्र मी बदलणार नाही, तूच येऊन शिव.

तुझी,
शुभा

ता. क. तनू विचारते, भोंगा परत कधी आणणार. फुगे चालणार नाहीत हे तिने स्वतः लिहायला सांगितलंय.