विषय : काहीही न जोडता दिसणारे हेडफोनचे चिन्ह आणि ‘पाणी गेले’ म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा फोन मी वापरते. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यावर काहीही जोडलेले नसताना हेडफोनचे चिन्ह येते. मग व्हिडिओचा आवाज येत नाही आणि फोन कानाला लावला तर पलीकडचे काही ऐकू येत नाही. मध्येच गाणे आपोआप सुरू होते, चालू कॉल कट होतो. आपल्या अधिकृत सेवा केंद्राने जॉबशीटवर ‘लिक्विड डॅमेज, मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे लिहून वॉरंटी नाकारली. हे निदान मला मान्य नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे कारणेही देते.

आधी स्पीकरचे. चिन्ह दिसत असतानाही अलार्म आणि रिंगटोन स्पीकरवर खणखणीत वाजतात, कारण हे दोन आवाज हेडफोन लावलेला असला तरी फोन बाहेरही सोडतो. म्हणजे स्पीकर ठीक आहे. रीस्टार्ट करून, सेफ मोडमध्ये नेऊनही चिन्ह जात नाही, म्हणजे एखाद्या ॲपचाही दोष नाही. संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन उतरले की ते हमखास येते, आणि वर्गात पंख्याखाली फोन तासभर पडून राहिला की आपोआप जाते. बोर्ड खराब असता तर तो हवा बघून वागला नसता.

फोनच्या ३.५ मिमी जॅकमध्ये आवाजाच्या संपर्कांखेरीज पिन ओळखण्यासाठी एक जादा पत्ती असते. पिन आत गेली की ही पत्ती हेडफोनच्या कॉइलमधून ग्राउंडला जोडली जाते आणि तिच्यावरचा व्होल्टेज खाली येतो. त्यावरून फोन समजतो की हेडफोन लागला. खिशातल्या कपड्याचे तंतू जॅकच्या तळाशी दाबून बसले आणि त्यात घामाचा खार मुरला, तर तो बोळाही वीज वाहू लागतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने मी तो बोळा काढला आणि मल्टीमीटरच्या टोकांमध्ये धरला. ओला होता तेव्हा मीटरने कित्येक किलोओम दाखवले; वाळल्यावर मीटर हललाच नाही. (सेवा केंद्रातल्या मुलाने फोन तांदळात ठेवायला सांगितले होते. तांदळाने तंतू निघत नाहीत.)

गाणे आपोआप सुरू होण्याचा उलगडाही इथेच होतो. वायरवरच्या बटणांना फोन रोधावरून ओळखतो : सुमारे ७० ओमपर्यंत असेल तर प्ले-पॉज किंवा कॉल, २१० ते २९० ओम असेल तर आवाज वाढवणे, वगैरे. आतली ओल सारखी बदलत असते, त्यामुळे फोनला कधी कधी बटण दाबल्याचा भास होतो.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. साधा हेडफोन १६ ते ३२ ओमचा असतो, मोठे स्टुडिओचे काही ६०० ओमपर्यंत जातात. ओलीचा रोध त्याच्या कितीतरी पट. हा फरक ओळखून ‘हा हेडफोन नाही, ओल आहे’ असे ठरवण्याची सोय आज अनेक ऑडिओ चिपमध्ये असते. आपल्या फोनमध्ये ती नसावी, किंवा असून चालू केलेली नसावी. हे आपणच तपासू शकता. सेटिंगमध्ये निदान ‘आवाज स्पीकरवरच ठेवा’ एवढे एक बटण दिले असते, तर कानाला फोन लावून गप्प बसण्याची वेळ आली नसती.

बोळा काढल्यावर त्रास कमी झाला, थांबला मात्र नाही. टॉर्च लावून पाहिले तर तळाच्या पत्तीवर हिरवट गंज दिसतो. त्यासाठी जॅकच बदलावा लागेल, मदरबोर्ड नाही. सिम ट्रेच्या खाचेतला पाण्याचा दर्शक आजही पांढराच आहे, फोटो सोबत आहे. पाणी आत गेले असते तर तो लाल झाला असता. आपल्या खोक्यावर आयपी ५४ छापले आहे. त्यातल्या ५ चा अर्थच असा की थोडी धूळ आत गेली तरी उपकरणाच्या कामात अडथळा येता कामा नये, आणि ४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण. मग घामाच्या ओलीला ‘लिक्विड डॅमेज’ कसे म्हणता?

तेव्हा जॉबशीटवरचा शेरा मागे घ्यावा, जॅक वॉरंटीत बदलून द्यावा आणि तपासणीचे घेतलेले शुल्क परत करावे. या मॉडेलमध्ये ओल ओळखण्याची सोय आहे की नाही, हेही लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, डोंबिवली

सोबत : खरेदीची पावती, जॉबशीट, सिम ट्रे व जॅकचे फोटो. काढलेला बोळा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे, तपासणीला हवा असल्यास देईन.