शहाडला उतरलेल्या दादांस

प्रिय दादा,

तुमचं नाव विचारायचं अण्णांना सुचलं नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. टिटवाळ्याला निघालेले, पाठीवर निळी सॅक, चष्मा, वय पस्तिशीच्या आसपास, एवढीच तुमची ओळख आमच्याकडे आहे. कसारा फास्ट कल्याणहून सुटत असताना तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाचा दंड धरून त्यांना परत जागेवर बसवलंत. ते माझे सासरे.

अण्णा त्या दिवशी बदलापूरहून दादरला डोळे तपासायला गेले होते. तपासणीसाठी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते. ते थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं अक्षर पुसट दिसतं, उजेड टोचतो आणि इंडिकेटरसारखी चमकती अक्षरं फुटून पसरल्यासारखी दिसतात. तपासणीची वेळ घेताना ‘सोबत कुणीतरी असू द्या’ एवढं एक वाक्य दवाखान्यातून सांगितलं असतं तर अण्णा एकटे निघालेच नसते. कुणी सांगितलं नाही. तपासणी झाली, थेंब घातलेल्या शहात्तर वर्षांच्या माणसाला ‘झालं, जा आता’ म्हणाले. याचा राग अजून गेलेला नाही.

दादरला कसाऱ्याची आणि बदलापूर-कर्जतची फास्ट गाडी एकाच फलाटावर मागेपुढे लागते. कुठली कोणती ते गाडीच्या तोंडावरच्या अक्षरांवरून कळतं: बदलापूरला BL, कसाऱ्याला N, कर्जतला S. अण्णांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी चारचौघांसारखं विचारलं, “कल्याणच्या पुढे जाते ना?” दोघा-तिघांनी मोबाईलवरून मान न उचलता सांगितलं, “जाते, जाते, चढा.” त्यांचं उत्तर खोटं नव्हतं. कसाऱ्याची गाडीही कल्याणच्या पुढेच जाते. फक्त कल्याणनंतर फाटे दोन होतात, एक विठ्ठलवाडीकडे आणि एक शहाडकडे. “तुम्हाला उतरायचंय कुठे?” असं उलट कुणी विचारलं नाही. त्या एका प्रश्नाला दोन सेकंद लागले असते.

कल्याणला डबा रिकामा झाला, अण्णांना खिडकी मिळाली, आणि त्यांनी समोर बसलेल्या तुम्हाला सहज विचारलं, “इथून चौथं बदलापूर ना?” तुम्ही म्हणालात, “काका, ही कसारा आहे.” अण्णा ताडकन उठले आणि दाराकडे धावले. तोवर गाडी हलली होती.

दादा, इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. उठलात, एका हाताने दारातला खांब पकडलात, दुसऱ्या हाताने अण्णांचा दंड कोपराच्या वर घट्ट धरलात आणि म्हणालात, “काका, ही गेली. पुढचं शहाड पाच मिनिटांवर आहे. बसा.” लोकल किती पटकन वेग घेते ते या लाईनवर रोज ये-जा करणाऱ्याला सांगायला नको. फलाट संपायच्या आत ती धावायला लागलेली असते. चालत्या गाडीतून उतरणाऱ्याचे पाय फलाटावर थांबतात आणि अंग पुढे जात राहतं. तरणा माणूस चार पावलं पळून तोल सावरतो. अण्णांच्या गुडघ्यांना ती चार पावलं जमली नसती, आणि पायरी व फलाटामधल्या फटीचा अंदाज त्या डोळ्यांना आला नसता. दारातला एक जण म्हणाला होता, “उतरा पटकन, अजून स्लो आहे.” दुसरा साखळीकडे हात नेत होता, त्यालाही तुम्हीच थांबवलंत. साखळी ओढली की गाडी उभी राहते, कुठल्या डब्यातून ओढली ते शोधून ती पूर्ववत करेपर्यंत मागच्या गाड्या अडकतात, आणि पकडलेला माणूस दंड भरतो. पुढचं स्टेशन पाच मिनिटांवर असताना त्याची गरजच नव्हती.

अण्णा सांगतात, बसल्यावरही शहाड येईपर्यंत तुमचा हात त्यांच्या दंडावर होता. “त्याने हात काढला असता तर मी पुन्हा उठलो असतो,” हे त्यांचे शब्द. चुकीच्या गाडीत बसलोय हे कळल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही, फक्त उतरायचं असतं. तुम्ही ते ओळखलंत.

मग शहाडला तुम्हीही उतरलात, तुमचं टिटवाळं पुढे असताना. कल्याणच्या बाजूची गाडी समोरच्या फलाटावर येते. रूळ ओलांडून जाणारे तिथेही दिसतात, पण तुम्ही अण्णांना सावकाश पुलावरून नेलंत. त्यांच्या खिशातलं तिकीट दादर-बदलापूरचं, ते शहाडला चालत नाही, हे लक्षात ठेवून आधी खिडकीवर शहाड ते बदलापूर तिकीट काढलंत. नाहीतर शहाडला किंवा पुढच्या गाडीत तपासनीस भेटले असते तर अण्णांना तिथे समजावत बसावं लागलं असतं.

आणि तो कागद. थेंब घातल्याचं कळल्यावर तुम्ही वहीचं पान फाडून अंगठ्याएवढ्या अक्षरांत, जाड पेनाने दोन-दोनदा गिरवून लिहिलंत:

“कल्याणला BL विचारा.
पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी = बरोबर.
शहाड आलं = लगेच उतरा.
उल्हासनगर, अंबरनाथ, मग बदलापूर.”

या लाईनवर रोज फिरणाऱ्यालाही इतकं नेमकं सांगता येत नाही. बदलापूरला जायचं म्हटलं की अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली अशा बऱ्याच गाड्यांची नावं कानावर पडतात. त्यातली अंबरनाथ गाडी एक स्टेशन आधीच संपते, कर्जत-खोपोली चालतात. हे सगळं त्या गोंधळलेल्या डोक्यात भरण्यापेक्षा तुम्ही एकच गाडी आणि एकच खूण दिलीत. चूक झालीच तर पहिल्याच स्टेशनवर कळावी, अशी. ती तिथे कळली नाही की पुढे आसनगाव, खर्डी, थेट कसारा. टिटवाळ्यानंतर गाड्या विरळ होत जातात आणि संध्याकाळी परतायला ताटकळत बसावं लागतं.

कल्याणला अण्णांनी एका बाईंना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि त्यांना BL च्या गाडीत बसवून दिलं. विठ्ठलवाडी आलं तेव्हा अण्णांनी आम्हाला फोन केला. तोवर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही शहाडवरून आम्हाला फोन लावायला निघाला होतात, अण्णा नको म्हणाले आणि तुम्ही ऐकलंत, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. ‘म्हातारा हरवलाय’ असं घरी कळवणं सोपं होतं. तुम्ही त्यांना वाट चुकलेल्या मोठ्या माणसासारखं वागवलंत. अशी माणसं या गर्दीत आहेत, म्हणून आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून एकटी बाहेर पडू शकतात.

तिकिटाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते अण्णांच्या मनाला लागून राहिलंय. बदलापूरला कधी आलात तर पश्चिमेला उतरा आणि स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांना अण्णा मास्तरांचं घर विचारा. जेवूनच जायचं आहे.

तुमची,
अण्णांची सून