वास्तुशांतीच्या भाषणाबद्दल

सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वास्तुशांतीला जेवणाआधी करायचे भाषण तू पाठवलेस, ते मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले. साताऱ्यात तुझे स्वतःचे घर झाले, याचा तिला इतका आनंद आहे की भेटेल त्याला ती तेच सांगत सुटली आहे.

खोक्यांचा विनोद उत्तम जमला आहे. 'स्वयंपाकघर' असे लिहिलेल्या खोक्यातून इस्त्री निघाली आणि तीन खोक्यांवर नुसतेच 'इतर' लिहिले आहे, हे ऐकून प्रत्येकाला आपले बिऱ्हाड हलवल्याचे दिवस आठवतील. ते अक्षर सूनबाईचे असले तरी भाषणात ते तुझे म्हणून सांग, कारण यजमान आधी स्वतःवर हसला की पाहुणे मोकळे होतात.

सल्ल्यांच्या भागातून मात्र काकांना वगळ. देवघर ईशान्येला हवे होते, हे वाक्य कोणाचे ते साऱ्या भावकीला ठाऊक आहे. त्याऐवजी एकाने गॅलरी बंद करून घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याने त्याच संध्याकाळी ती उघडीच ठेवायला सांगितले, एवढेच म्हण. दोन सल्ले एकमेकांना खोडतात, तेव्हा लोक सल्ल्याला हसतात, माणसाला नाही.

माझा जीव अडकला आहे तो 'पाहुण्यांनी शेवटची एसटी चुकवू नये' या वाक्यात. आत्या समोरच बसलेली असेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तिच्या गावभागातल्या घरात पाणी शिरले आणि गाळ काढून भिंती वाळेपर्यंत ती आपल्याकडे राहिली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असूनही तू तिला स्वतःची खोली दिलीस आणि एकदाही कुरकुर केली नाहीस, याचा मला आजही अभिमान वाटतो. आपला भार वाटू नये म्हणून ती पहाटेच भाकऱ्या थापायला बसायची. अजूनही आपल्याकडे आली की ती पिशवी दाराशीच ठेवते, आत नेत नाही. चारचौघांत बोललेला शब्द मागे घेता येत नाही, आणि यजमानाने तर… पुन्हा उपदेश सुरू झाला, राग मानू नकोस.

तरीही ते वाक्य बदल. पाहुण्यांच्या मुक्कामाऐवजी त्यांच्या निरोपावर बोल. 'येतो' म्हणून उठलेला माणूस चपला घालून दारात बोलतो, मग जिन्यात बोलतो आणि खाली गाडीला किल्ली लावूनही बोलतच राहतो. त्यात आपण सगळेच येतो, एकटी आत्या येत नाही. शेवटी, उरलेली खोकी उघडायला हवे तितके दिवस थांबा, असे म्हण. हे सारे तीन-चार मिनिटांत आटप; होम सकाळपासून चाललेला असतो आणि माणसे भुकेलेली असतात.

आत्याला घेऊन आम्ही आदल्या दिवशीच येतो. तिने चार दिवस राहावे, असे तूच तिला फोन करून सांग. मी सांगितले तर ती ऐकणार नाही.

तुझे,
बाबा